चुकलेलं कलम: चलनावरचं आणि विवरणपत्रातलं

२०२४ साली ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. ऑगस्ट महिन्यात कापलेला टीडीएस सरकारजमा करण्याची शेवटची तारीखही तीच. त्यामुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी कचेऱ्यांमधल्या अकाउंटंटनी हे काम ५-६ तारखेलाच हातावेगळं केलं असणार. घाईगर्दीच्या अशा दिवशी प्राप्तिकर पोर्टलवर चलन तयार करताना कलमांची लांबलचक यादी उघडते, बोट एक ओळ वर पडतं आणि १९४-जे ऐवजी १९४-सी निवडलं जातं. रक्कम बरोबर, तारीख बरोबर, पैसे खात्यातून गेलेले. चलनाची पीडीएफ उघडून पाहिल्यावर मात्र कलम चुकल्याचं लक्षात येतं.

इथून पुढे बहुतेक ठिकाणी एकच धावपळ सुरू होते. चलन दुरुस्त कसं करायचं? बँकेत जायचं की प्राप्तिकर कार्यालयात? पुन्हा नवं चलन भरायचं का? या घाईत एक प्रश्न विचारायचा राहून जातो आणि सगळं उत्तर त्याच्यावर अवलंबून असतं: चूक नेमकी कुठे झाली आहे? नुसत्या चलनावर, की तिमाही विवरणपत्रात, की मुळात कर कापतानाच? तिन्ही ठिकाणी ‘कलम चुकलं’ असंच म्हटलं जातं, पण तिन्हींचे उपाय वेगळे आणि परिणामही वेगळे.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. भोसरीत एक छोटी खासगी मर्यादित कंपनी आहे. शेडच्या नूतनीकरणासाठी तिनं २० ऑगस्ट २०२४ रोजी एका वास्तुविशारदाला २ लाख रुपये फी दिली. त्याच दिवशी रंगकामाच्या ठेकेदाराला ३ लाख रुपये दिले. वास्तुविशारदाची फी ही व्यावसायिक फी, म्हणून कलम १९४-जे आणि दर १० टक्के. कापायचे २०,००० रुपये. ठेकेदार ही एक व्यक्ती आहे, कंपनी नाही. त्याला कलम १९४-सी आणि दर १ टक्का. कापायचे ३,००० रुपये. कंपनीनं दोन्ही रकमा बरोबर कापल्या आणि ६ सप्टेंबरला दोन चलनं भरली. मात्र २०,००० रुपयांच्या चलनावरही कलम १९४-सी पडलं.

आता या २०,००० रुपयांचा प्रवास पाहू. टीडीएसचं चलन म्हणजे चलन क्रमांक २८१. पैसे भरले की बँक त्यावर तीन गोष्टी छापून देते: शाखेचा सात आकडी बीएसआर कोड, भरणा केल्याची तारीख आणि पाच आकडी चलन क्रमांक. या तिघांची जोडगोळी म्हणजे त्या भरण्याची ओळख. तिला सीआयएन म्हणतात. पुढे तिमाही संपल्यावर कंपनी फॉर्म २६क्यू हे विवरणपत्र भरते. त्यात एका बाजूला चलनं असतात आणि प्रत्येक चलनाखाली कोणाचा, किती, कोणत्या पॅनवर कर कापला याच्या ओळी असतात. गाझियाबादला टीडीएसचं केंद्रीय प्रक्रिया केंद्र आहे. तिथे विवरणपत्रातलं चलन आणि बँकेकडून आलेलं चलन यांची जुळणी होते. ही जुळणी सीआयएन, कंपनीचा टॅन आणि रक्कम यांवर होते. चलनावर छापलेलं कलम जुळणीत धरलं जात नाही.

यामागे एक बदल आहे. आर्थिक वर्ष २०१२-१३ पर्यंत विवरणपत्रात कलम चलनाच्या ओळीत लिहावं लागायचं. त्यामुळे प्रत्येक कलमासाठी वेगळं चलन भरणं भाग होतं. २०१३-१४ पासून कलम चलनाच्या ओळीतून निघालं आणि खाली, ज्याचा कर कापला त्याच्या ओळीत गेलं. म्हणजे एकाच चलनाखाली १९४-सी चा ठेकेदारही दाखवता येतो आणि १९४-जे चा वास्तुविशारदही. इतकी वर्षं झाली तरी ‘कलमागणिक चलन’ ही सवय टिकून आहे. कारण चलन भरताना पोर्टल एकच कलम निवडायला लावतं आणि ते ठळकपणे छापलं जातं. त्यामुळे चलनावरचं चुकलेलं कलम ही फार मोठी चूक आहे असा समज होतो.

भोसरीच्या कंपनीनं ३१ ऑक्टोबरपूर्वी दुसऱ्या तिमाहीचं २६क्यू भरताना वास्तुविशारदाच्या ओळीत कलम १९४-जे, रक्कम २ लाख आणि कर २०,००० असं लिहिलं, आणि त्याला ते ‘चुकीचं’ चलन जोडलं, तर विवरणपत्र कोणतीही अडचण न येता प्रक्रियेतून बाहेर पडतं. वास्तुविशारदाच्या २६एएसमध्ये १९४-जे दिसतं. फॉर्म १६ए वर १९४-जे येतं. चलनाच्या पीडीएफवर १९४-सी तसंच राहतं, पण त्यानं कोणाचं काही अडत नाही. केवळ कलमासाठी नवं चलन भरणं, म्हणजे आणखी २०,००० रुपये गुंतवणं, अगदीच अनावश्यक आहे. असं करणारे पुष्कळ आहेत. मग पहिल्या चलनातली रक्कम पडून राहते आणि ती परत मिळवण्यासाठी फॉर्म २६बी भरून परताव्याच्या रांगेत उभं राहावं लागतं. त्याऐवजी ते चलन त्याच तिमाहीच्या विवरणपत्रात वापरणं कितीतरी सोपं.

तरीही कागद स्वच्छ हवा म्हणून चलन दुरुस्त करून घ्यायचं असेल, किंवा लेखापरीक्षक तसा आग्रह धरत असतील, तर रस्ते आहेत. चलन कसं भरलं त्यावर कोणता रस्ता खुला आहे हे ठरतं.

बँकेच्या खिडकीवर कागदी चलन भरलं असेल, तर पहिला अधिकार बँकेचा. टॅन, निर्धारण वर्ष किंवा रक्कम चुकली तर बँक भरण्याच्या तारखेपासून फक्त ७ दिवसांत दुरुस्ती करते. मेजर हेड, मायनर हेड आणि ‘नेचर ऑफ पेमेंट’, म्हणजेच कलम, यांसाठी तिला ३ महिने असतात. अर्ज दोन प्रतींत द्यायचा, चलनाची पावती जोडायची, प्रत्येक चलनासाठी वेगळा अर्ज करायचा, आणि अर्जदार व्यक्ती नसून संस्था असेल तर शिक्क्यासह अधिकारपत्रही द्यायचं. एक अट नीट वाचण्यासारखी आहे. एका चलनाची दुरुस्ती बँक एकदाच करते. अपवाद फक्त असा, की पहिला अर्ज केवळ रकमेचा असेल तर दुसरा अर्ज इतर रकान्यांसाठी चालतो. शिवाय अर्जातल्या चार बदलांपैकी एक नियमात बसला नाही, तर चारही नाकारले जातात. म्हणून चलनावरचे सगळे रकाने एकदा शांतपणे तपासून मगच अर्ज करावा.

आज मात्र बहुतेकांची चलनं ऑनलाइन निघतात. कंपन्यांना तर २००८ पासून ई-भरणा सक्तीचाच आहे. ऑनलाइन चलनात बँकेचा हात नाही. ई-फायलिंग पोर्टलवर ‘चलन करेक्शन’ नावाची एक सोय आहे खरी, पण तिथे निर्धारण वर्ष, मेजर हेड आणि मायनर हेड बदलता येतात. टीडीएसचं कलम बदलण्याची ती जागा नाही. तिथे शोधाशोध करण्यात अनेकांचा वेळ जातो.

कलमाची दुरुस्ती मागायची जागा म्हणजे ट्रेसेस, टीडीएसचं स्वतंत्र पोर्टल. कर कापणाऱ्यानं टॅननं लॉगिन करायचं आणि विवरणपत्रं व भरणा यांच्या मेनूत ओल्टास चलन दुरुस्तीची विनंती उघडायची. चलनाचा बीएसआर कोड, तारीख, क्रमांक आणि रक्कम भरली की ते चलन समोर येतं. मग आर्थिक वर्ष, मेजर हेड, मायनर हेड किंवा कलम यांपैकी काय बदलायचं ते निवडायचं, बरोबर नोंद टाकायची आणि डिजिटल सहीनं विनंती पाठवायची. एक विनंती क्रमांक मिळतो. पुढची प्रगती त्याच क्रमांकावरून पाहता येते. विनंती पाठवली म्हणजे चलन बदललं, असं मात्र नाही. ती त्या टॅनच्या टीडीएस निर्धारण अधिकाऱ्याकडे जाते. मंजुरी किंवा नकार त्याच्या हातात असतो.

हा अधिकारी कोण, ते टॅनवरून कळतं. टॅनची पहिली तीन अक्षरं शहर सांगतात: MUM म्हणजे मुंबई, PNE म्हणजे पुणे, NGP म्हणजे नागपूर. नेमका वॉर्ड ई-फायलिंग पोर्टलवर टॅनचा तपशील पाहिला की समजतो. मुंबईत टीडीएस आयुक्तालयाचं काम कित्येक वर्षं चर्नी रोडच्या के. जी. मित्तल आयुर्वेदिक हॉस्पिटलच्या इमारतीतून चालत आलं आहे. नव्या माणसाला इस्पितळाची पाटी पाहून गोंधळायला होतं. ऑनलाइन विनंती केल्यावरही छापील प्रत आणि कागद कार्यालयात नेऊन दिले तर काम पुढे सरकतं, असा कर सल्लागारांचा अनुभव असतो.

अधिकाऱ्याला द्यायच्या पत्रात पाल्हाळ नको. टॅन, कंपनीचं नाव, सीआयएनचे तीन भाग, रक्कम, चलनावर पडलेलं कलम, असायला हवं ते कलम आणि चूक कशी झाली त्याचं एका वाक्यात कारण एवढं पुरतं. सोबत चलनाची प्रत, ज्या नोंदीवरून कर कापला त्या खात्याचा उतारा आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र जोडावं. अधिकारी सगळ्यात आधी एक गोष्ट तपासतो: हे चलन कोणत्या विवरणपत्रात वापरलं गेलं आहे का? वापरलं नसेल तर दुरुस्ती सरळ होते. वापरलेल्या चलनाच्या आधारावर कोणाच्या तरी पॅनवर कर जमा झालेला असतो. त्याला हात लावायचा तर प्रश्न वाढतात. म्हणून चलन दुरुस्त करायचंच असेल तर ते विवरणपत्र भरण्याआधी करावं. चलन वापरलंय की नाही, किती वापरलंय, हे कर कापणाऱ्याला ट्रेसेसवर चलनाच्या स्थितीत स्वतःच पाहता येतं.

टॅन चुकला तर मात्र प्रकरण अवघड. दुसऱ्याच्या टॅनवर पैसे गेले, तर ते त्याच्या नावावर उभे असतात आणि त्यानं ते वापरलेलेही असू शकतात. जुळणीत टॅन धरला जातो, त्यामुळे इथे दुरुस्तीला पर्याय नाही. त्या टॅनधारकाची ना हरकत मिळवण्यापासून सुरुवात करावी लागते. कलमाच्या चुकीपेक्षा ही चूक कितीतरी जड आहे. म्हणून चलन हाती आल्यावर कलमाआधी टॅन वाचावा.

आता दुसरी शक्यता पाहू. समजा, भोसरीच्या अकाउंटंटला चलनावरची चूक कळलीच नाही आणि विवरणपत्र त्यानं चलनं समोर ठेवून भरलं. चलनावर १९४-सी, म्हणून वास्तुविशारदाच्या ओळीतही १९४-सी. २ लाखांवर २०,००० कापलेले. १९४-सी च्या दरापेक्षा जास्तच. त्यामुळे संगणकाला कमी कपात दिसत नाही, कंपनीला नोटीस येत नाही आणि चूक कंपनीच्या बाजूनं अदृश्य राहते. ती दिसते वास्तुविशारदाला, आणि त्रासही त्यालाच होतो.

त्याच्या २६एएसमध्ये २ लाखांची नोंद १९४-सी खाली, म्हणजे ठेकेदारीचं उत्पन्न म्हणून, येते. तो आपलं उत्पन्न व्यावसायिकांसाठीच्या अंदाजित योजनेत, कलम ४४-एडीए खाली, दाखवतो. ठेकेदार-व्यापाऱ्यांची तशीच योजना कलम ४४-एडी खाली आहे आणि व्यावसायिकाला तिचा आधार घेता येत नाही. म्हणजे विभागाच्या नोंदीत ठेकेदारीची जमा आणि रिटर्नमध्ये व्यावसायिक फी. कर पॅनवर जमा झालेला असल्यानं कलम चुकलं म्हणून त्याचे २०,००० बुडत नाहीत. पण निर्धारण वर्ष २०२५-२६ पासून रिटर्नमधल्या टीडीएसच्या तक्त्यात कोणत्या कलमाखाली कर कापला, हेही भरावं लागतं. आधी हा विसंवाद २६एएसमध्येच राहून जायचा. आता तो रिटर्नमध्येच लिहिला जातो. त्यातून रिटर्न अडकलं, खुलासा मागितला गेला, तर उत्तर द्यायला वास्तुविशारद बसतो; चूक दुरुस्त करण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे नसतो.

हा असमतोल या विषयातला सगळ्यात त्रासदायक भाग आहे. ज्याचा कर कापला गेला तो चलन बदलू शकत नाही, विवरणपत्र बदलू शकत नाही, टीडीएस अधिकाऱ्याकडे दुरुस्तीची विनंतीही टाकू शकत नाही. तो फक्त कर कापणाऱ्याला पत्र लिहू शकतो. म्हणून असं पत्र आलं की ‘चलन तर भरलंय, पैसे तर गेलेत’ असं उत्तर देऊन हात झटकणं हा समोरच्यावर अन्याय आहे.

इथे चलन दुरुस्तीची विनंती केली तर काय होईल? अधिकाऱ्यानं ती मंजूर केली आणि चलनावर १९४-जे आलं, तरी २६एएस जसंच्या तसं राहील. कारण २६एएसमधलं कलम चलनातून येत नाही, विवरणपत्रातल्या ओळीतून येतं. महिनोन्‌महिने चलनाच्या मागे लागून शेवटी ‘२६एएसमध्ये काहीच बदललं नाही’ म्हणणारे भेटतात, त्याचं कारण हे. इथे हवी विवरणपत्राची दुरुस्ती.

तीही ट्रेसेसवरून सुरू होते. कर कापणारा त्या तिमाहीची एकत्रित फाइल, जिला सगळे ‘कॉन्सो फाइल’ म्हणतात, मागवतो. त्यासाठी ट्रेसेस ओळख पटवून घेतं: मूळ विवरणपत्राचा टोकन क्रमांक, त्यातल्या एका चलनाचा तपशील आणि त्या चलनाखालच्या काही पॅन व रकमांच्या जोड्या विचारल्या जातात. इथे आकडे विवरणपत्रात जसे भरले तसेच द्यायचे, बरोबर कोणते ते नव्हे. फाइल आली की ती विवरणपत्र बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, वास्तुविशारदाची ओळ शोधायची आणि फक्त कलमाचा रकाना बदलायचा. चलनाच्या ओळीला हात लावायचा नाही. मग फाइल तपासून घेऊन ई-फायलिंग पोर्टलवर चढवायची. डिजिटल सही असेल तर हाच बदल ट्रेसेसवर थेट ऑनलाइनही करता येतो. प्रक्रिया झाली की वास्तुविशारदाच्या २६एएसमध्ये जुनी नोंद जाऊन १९४-जे ची येते.

या दुरुस्तीला आता मुदत आहे आणि ती पाहायला हवी. पूर्वी कितीही जुनं विवरणपत्र दुरुस्त करता येत असे. १ एप्रिल २०२५ पासून सहा वर्षांची मर्यादा आली. मग प्राप्तिकर अधिनियम, २०२५ नं ती आणखी आखडून दोन वर्षांवर आणली. हा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू. ज्या वर्षात विवरणपत्र भरायचं होतं त्या वर्षाच्या अखेरीपासून ही दोन वर्षं मोजायची. या हिशेबानं भोसरीच्या कंपनीच्या त्या तिमाहीसाठी शेवटची तारीख ३१ मार्च २०२७. त्यानंतर वास्तुविशारदानं कितीही पत्रं लिहिली तरी कंपनीच्या हातात काही उरत नाही. नव्या कायद्यात १९४-सी, १९४-जे ही कलमंही राहिली नाहीत. पगाराचा टीडीएस कलम ३९२ मध्ये आणि बाकीचा बहुतेक सगळा कलम ३९३ च्या तक्त्यांत गेला आहे. जुन्या तिमाहीची दुरुस्ती मात्र जुन्याच कलमानं करायची.

तिसरी शक्यता सगळ्यात महाग. कंपनीनं वास्तुविशारदालाच ठेकेदार मानलं आणि २ लाखांवर १ टक्क्यानं २,००० रुपयेच कापले, चलन १९४-सी, विवरणपत्र १९४-सी, सगळं एकमेकांशी जुळणारं. इथे कागदावर चूक दिसत नाही. चूक कायद्याच्या अर्थात आहे. आणि इथे कलम दुरुस्त करणं म्हणजे आपल्याच हातानं मागणी ओढवून घेणं. विवरणपत्रात १९४-जे लिहिताक्षणी संगणक २०,००० अपेक्षित धरतो, २,००० पाहतो आणि १८,००० रुपये कमी कापल्याची सूचना काढतो. दुरुस्ती करायच्या आधी हा हिशेब मांडून घ्यायला हवा. तो टाळण्यासाठी चूक झाकून ठेवणं हा उपाय नव्हे, कारण लेखापरीक्षणात किंवा टीडीएसच्या तपासणीत ती निघाली तर तोपर्यंतचं व्याजही वाढलेलं असतं.

या १८,००० मधून सुटकेची एक वाट कायद्यातच आहे. वास्तुविशारदानं आपलं रिटर्न भरलं असेल, त्यात ही २ लाखांची फी उत्पन्नात धरली असेल आणि त्यावरचा कर भरला असेल, तर सरकारला तोच कर दोनदा नको असतो. चार्टर्ड अकाउंटंटच्या प्रमाणपत्रासह फॉर्म २६ए दाखल केला की कंपनी त्या कराच्या बाबतीत ‘कसूरदार’ राहत नाही. व्याज मात्र चुकत नाही. कर कापायला हवा होता त्या दिवसापासून समोरच्यानं रिटर्न भरलं त्या दिवसापर्यंत, दरमहा १ टक्का. वास्तुविशारदानं २८ जुलै २०२५ ला रिटर्न भरलं असेल तर २० ऑगस्ट २०२४ पासून १२ महिने होतात, कारण महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरला जातो. १८,००० वर १२ टक्के, म्हणजे २,१६० रुपये. १८,००० च्या जागी २,१६० वर सुटका होते आहे हे पाहिलं की फॉर्म २६ए साठी समोरच्याच्या मागे लागण्याचे कष्ट वसूल होतात.

एक धागा प्राप्तिकराच्या दुसऱ्या बाजूला जातो. ज्या खर्चावर कर कापायचा होता आणि कापला नाही, त्या खर्चाचा ३० टक्के भाग उत्पन्नातून वजा करू दिला जात नाही. ते कलम ४०(ए)(आयए). मग कर कापला, पण चुकीच्या कलमाखाली कमी कापला, तर? न्यायालयांत यावर एकमत झालं नाही. यंत्रभाड्यावर १० टक्क्यांऐवजी १९४-सी खाली १ टक्का कापल्याच्या एस. के. टेकरीवाल प्रकरणात कलकत्ता उच्च न्यायालयानं २०१२ मध्ये करदात्याच्या बाजूनं कौल दिला: कर कापलाच नाही आणि कर कमी कापला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा त्याचा सूर. केरळ उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये पीव्हीएस मेमोरियल हॉस्पिटलच्या प्रकरणात नेमकं उलटं म्हटलं. तिथेही १९४-जे ऐवजी १९४-सी लावलं होतं आणि न्यायालयाच्या मते चुकीच्या कलमाखाली कापलेला कर हा कायद्याला अपेक्षित कपात नव्हे. त्यामुळे एकच चूक कोलकात्यात आणि कोचीत वेगवेगळी महाग पडू शकते. भोसरीच्या कंपनीनं ही अनिश्चितता गृहीत धरूनच सल्ला घ्यावा.

चलनाच्या दुरुस्तीनं मुळीच न सुटणारा एक प्रकार मुंबई-पुण्यातल्या घरखरेदीत वारंवार दिसतो. विकणारा अमेरिकेत किंवा दुबईत राहतो, अनिवासी आहे. पण घेणारा नेहमीच्या सवयीनं १९४-आयए खाली १ टक्का कापून फॉर्म २६क्यूबीनं भरून टाकतो. अनिवासी विक्रेत्याला १९४-आयए लागूच नाही. त्याला कलम १९५, वेगळा आणि बराच मोठा दर, वेगळं विवरणपत्र. २६क्यूबी हे चलन आणि विवरणपत्र एकत्रच असल्यानं त्यावरचं कलम बदलून १९५ करता येत नाही. घेणाऱ्याला १९५ खालचा कर व्याजासह नव्यानं भरावा लागतो आणि आधीच्या १ टक्क्याचा परतावा वेगळा मागावा लागतो. हे टाळायचं तर करार करण्याआधीच विक्रेत्याचा निवासी दर्जा विचारायचा आणि लेखी घ्यायचा. नाव मराठी, घर कोथरूडचं, पॅन भारतीय, यावरून तो निवासी ठरत नाही.

भोसरीकडे परत यायचं, तर विवरणपत्रातली दुरुस्ती मंजूर झाल्यावरही एक काम उरतं, आणि ते हटकून राहतं. आधी दिलेला फॉर्म १६ए आता रद्दीचा झालेला असतो. ट्रेसेसवरून नवा १६ए उतरवून वास्तुविशारदाला द्यायचा आणि जुना वापरू नका, असं लेखी कळवायचं. त्यानं रिटर्न आधीच भरलं असेल, तर टीडीएसच्या तक्त्यातलं कलम आणि बदललेलं २६एएस त्यानं पुन्हा ताडून पाहावं. तफावत असेल आणि मुदत उरली असेल तर सुधारित रिटर्न भरावं. कंपनीनं आपल्या फाइलमध्ये चलन, मूळ आणि दुरुस्त विवरणपत्राच्या पावत्या आणि दोन्ही १६ए एकत्र ठेवावेत. चलनावर १९४-सी आणि बाकी सगळीकडे १९४-जे का, असं दोन वर्षांनी नव्या लेखापरीक्षकानं विचारलं, तर उत्तर त्याच फाइलमध्ये सापडतं.